चार वाजताची कॉफी, रात्री दोन वाजता

"मला कॉफीने काही होत नाही. मी पडल्या पडल्या झोपते!" दुबई-शारजातल्या मराठी घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारी बहुतेक वेळा शाळेतली किंवा कॉलेजातली असते, आणि तिच्या हातात मॉलमधली मोठी कोल्ड कॉफी असते. आई म्हणते, "मोबाईल बाजूला ठेव, म्हणजे झोप लागेल." मोबाईलचं खरंच आहे. पण माझ्या मते त्या ग्लासाकडे कुणी नीट बघत नाही.

कॉफीत कॅफीन असतं. आपलं यकृत ते हळूहळू मोडून टाकतं. शरीरातलं कॅफीन अर्धं व्हायला जेवढा वेळ लागतो, त्याला कॅफीनचं 'अर्धायुष्य' म्हणतात. मोठ्या माणसांत ते साधारण पाच तास असतं. पाच तासांत सगळं संपत नाही, फक्त अर्धं कमी होतं. गंमत इथेच आहे. पुढच्या पाच तासांत उरलेल्याचं अर्धं, म्हणजे पाव भाग तरीही शिल्लकच!

एक हिशोब करून बघू. समजा, शारजातली सतरा वर्षांची एक मुलगी दुपारी चार वाजता मोठी कोल्ड कॉफी पिते. त्यात १६० मिलिग्रॅम कॅफीन आहे असं धरू. रात्री नऊ वाजता तिच्या अंगात ८० मिलिग्रॅम उरतं. अकराला ती झोपायला जाते, तेव्हा साधारण ६० असतं. घरच्या एका कप चहात सुमारे ४० मिलिग्रॅम असतं. म्हणजे ती जणू दीड कप चहा पिऊन पांघरूण घेते. रात्री दोन वाजताही एका कपाएवढं कॅफीन अंगात असतं. आणि सकाळी सव्वासहाला शाळेची बस दारात!

"पण मला झोप लागते ना!" लागते, मान्य. पण झोप लागणं वेगळं आणि चांगली झोप होणं वेगळं. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसला की आपल्याला पेंग येते. कॅफीन त्याच जागा आधी अडवून बसतं, बसमध्ये रुमाल टाकून सीट धरतात तसं. आपण खूप दमलेलो असलो तर तरीही झोप लागते, पण गाढ झोप कमी होते, मधे जाग येते. सकाळी ते आठवतही नाही.

अमेरिकेत २०१३ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं होतं. यंत्राने मोजलं तेव्हा त्यांची झोप तासाभराहून जास्त कमी झालेली दिसली. त्यांनी स्वतः लिहिलेल्या नोंदींत मात्र हा फरक स्पष्ट दिसला नाही. ४०० मिलिग्रॅम म्हणजे खूपच झालं, हे खरं. पण "मला काही होत नाही" या वाक्यावर माझा विश्वास का नाही, ते यावरून कळेल.

मग चहा-कॉफी बंदच करायची का? छे! संध्याकाळी पाचचा घरचा एक कप चहा रात्री अकरापर्यंत १७-१८ मिलिग्रॅमवर येतो. बहुतेकांना तेवढं चालतं. आजीच्या चहाला नावं ठेवायची आणि स्वतः मोठा ग्लास संपवायचा, हे मला पटत नाही. करक चहा मात्र कडक असतो, आणि गाडीत बसून एकावर कोण थांबतं?

मुलांसाठी प्रमाण आणखी कमी हवं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मुलांसाठी वजनाच्या दर किलोला दिवसाला ३ मिलिग्रॅम ही सुरक्षित पातळी सांगितली. पन्नास किलो वजनाच्या मुलीसाठी ते १५० होतात. आपला १६० चा ग्लास तिथेच पुढे गेला!

प्रत्येकाचं अर्धायुष्य सारखं नसतं. गरोदरपणी ते बरंच वाढतं, सिगारेट ओढणाऱ्यांत कमी होतं. म्हणून घड्याळातली एकच वेळ सगळ्यांना लावू नका, झोपायच्या वेळेपासून मागे मोजा. मी तरी मोठ्या कॉफीसाठी नऊ-दहा तास सोडा असंच म्हणेन. अकराला झोपणाऱ्याने ती दुपारी एक-दोनच्या आत प्यावी. जेबेल अलीत रात्रपाळी करून सकाळी आठला झोपणाऱ्या काकांची शेवटची कॉफी रात्री दहा-अकराला संपायला हवी.

आणि संध्याकाळी एखाद्या अमिराती घरी गेलात, तर? तिथे वेलचीचा गहवा छोट्या फिंजानमध्ये देतात, आणि कप रिकामा झाला की पुन्हा भरतात. एक कप आनंदाने घ्या. मग रिकामा फिंजान हातात हलकेच हलवून परत द्या. याचा अर्थ 'पुरे' असा होतो, आणि कुणालाही वाईट वाटत नाही.