पाळी संपते, हिशोब संपत नाही

परवा मेसमध्ये एकजण पंपवाल्याच्या नावाने बोटं मोडत होता. रात्री दहाला बाईक घेऊन गेला तर नोझलजवळ कोणीच नाही, दोघंही आत नोटा मोजत बसलेले! दहा मिनिटं थांबावं लागलं म्हणे. सगळे हसले. मला मात्र हसू येईना, कारण या मे महिन्यात मी त्याच नोटांच्या बाजूला बसून होते.

माझा मामा हायवेवरचा एक पंप सांभाळतो. चोवीस तास चालू, तीन पाळ्या, प्रत्येक पाळीत दोन माणसं. "तू इंजिनिअर होणार ना, मग मला ड्युटीचा तक्ता करून दे," असं म्हणून त्याने मला एक्सेलसमोर बसवलं. मला वाटलं, त्यात काय? दिवसाला ६ जागा, आठवड्याच्या ४२. माणसं सात. प्रत्येकाला सहा पाळ्या आणि एक सुट्टी. आठ तासांच्या सहा पाळ्या म्हणजे बरोबर ४८ तास. इतकं सुंदर गणित तर एम-थ्रीच्या पेपरातही येत नाही!

तिसऱ्या दिवशी कळलं की तक्ता कागदावरच जमतो. दुपारची पाळी संपली, तरी ते दोघं पुढचा अर्धा तास आतच. का, तर हिशोब. हा अर्धा तास ना तक्त्यात, ना पगारात. आठवड्याच्या ४२ हजेऱ्या गुणिले अर्धा तास, म्हणजे २१ तास फुकट. आणि घाईत हिशोब चुकला तर 'शॉर्ट' निघालेले पैसे महिन्याच्या शेवटी त्याच माणसाच्या पगारातून कापायचे, ही तिथली पद्धत. मला आक्षेप आहे तो इथे.

एक प्रसंग सांगते. रीडिंगचे आकडे तसेच ठेवते, दर मात्र सोपे धरते: पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९०. सकाळपाळीच्या एका काकांकडे एक पेट्रोलचं आणि एक डिझेलचं नोझल होतं. मशीनमध्ये टोटलायझर असतो, म्हणजे आतापर्यंत एकूण किती लिटर गेलं ते दाखवणारा आकडा, तो मागे जात नाही. पाळी संपतानाच्या रीडिंगमधून सुरुवातीचं वजा केलं की विक्री मिळते. पेट्रोल निघालं ८१२.५० लिटर, म्हणजे ८४,५०० रुपये. डिझेल ६४५ लिटर, त्यातले ५ लिटर टेस्टिंगचे, उरले ६४०, म्हणजे ५७,६००. एकूण १,४२,१००. त्यातून कार्ड आणि यूपीआयचे ६८,४३० गेले, एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या उधारीच्या पावतीचे १८,००० गेले. गल्ल्यात हवेत ५५,६७०. सकाळी सुट्ट्यांसाठी दिलेले पैसे बाजूला काढून मोजले, तर ५५,१५०. शॉर्ट ५२०.

काकांनी पुन्हा नोटा मोजल्या. तेवढेच. घरी जायची एसटी होती, त्यामुळे "घाला माझ्या नावावर" म्हणून निघालेच होते. मी सहज ५२० ला १०४ ने भागलं. बरोबर ५! सकाळी पाच लिटरच्या मापाने दोन्ही नोझल तपासतात आणि ते माप परत टाकीत ओततात. पैसे येत नाहीत, पण टोटलायझर मात्र पुढे सरकतो. टेस्टिंगच्या रजिस्टरमध्ये दोन्ही नोंदी होत्या, पाळीच्या शीटवर फक्त डिझेलची उतरली होती. म्हणजे काकांनी एक रुपयाही घालवला नव्हता. शोधायला चार मिनिटं लागली, पण ती चार मिनिटं कोणाच्या तरी ड्युटीत असायला हवीत ना?

अशा खुणा आणखीही असतात. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेलेत का ते आधी पाहावं. एका पाळीला जितकं शॉर्ट तितकंच पुढच्या पाळीला जादा निघालं, तर कार्ड मशीनचा रिपोर्ट रीडिंगच्या आधीच काढलेला असतो आणि मधले व्यवहार दुसऱ्याच्या खात्यात जातात. आणि फरकाला काहीच आकार नसेल, तर मग खरंच कोणाला जास्त सुट्टे गेले असतील. तेही होतंच. पण हे शेवटी म्हणायचं, पहिल्यांदा नाही.

मग मी तक्ता बदलला. पाळ्या ६, २ आणि १० ला. सकाळचे ६ मुद्दाम, कारण १६ जून २०१७ पासून देशभर इंधनाचे दर रोज बदलू शकतात आणि नवा दर सकाळी सहालाच लागू होतो. आधी इथे पाळी सातला बदलायची, त्यामुळे दर बदललेल्या दिवशी रात्रपाळीला एकाच शीटवर दोन दर लावावे लागायचे, आणि सहाचं रीडिंग घ्यायचं विसरलं की संपलं! आता नव्या पाळीचे दोघं यायचं, चौघांनी मिळून रीडिंग घ्यायचं, दोन्हीकडच्या सह्या, त्याच वेळी कार्ड मशीनचा रिपोर्ट. नवे दोघं लगेच विक्रीला लागायचे आणि जुने अर्धा तास आत हिशोबाला. पंप थांबत नाही, मेसमधल्या मित्राचीही सोय होते.

आता पाळी साडेआठ तासांची झाली. आठवड्याचे ३५७ तास भागिले ४८, उत्तर ७.४४, म्हणून आठ माणसं, असं मी ठोकून दिलं. चूक! सहा पाळ्या केल्या की ५१ तास होतात, म्हणून ४८ मध्ये राहायचं तर एकाला पाचच पाळ्या देता येतात. आठ जणांच्या ४० होतात, लागतात ४२. माणूस ०.४४ तुकड्यांत येत नाही, हे आम्हाला कुठल्याच सेमिस्टरला शिकवत नाहीत. त्यामुळे दर आठवड्याला दोघांना सहावी पाळी आणि तीन तासांचा ओव्हरटाइम. पाळीपाळीने केलं तर प्रत्येकावर चार आठवड्यांतून एकदा येतं.

मामा म्हणाला, "अगं, रात्री तीनला गाड्या किती येतात? रात्री एकच ठेवू, माणूस वाचेल." ऐकायला पटतं. पण एकटा माणूस बाथरूमला गेला की पंप उघडा आणि पैशाची बॅग त्याच्याच गळ्यात. टँकर आला तर डिप कोण घेणार आणि गाडी कोण भरणार? उलट रात्रीच्या सुन्या वेळात दोघं असले की एकजण आत जाऊन अर्धवट मोजणी करू शकतो, म्हणजे तोवरची कॅश तिजोरीत, यूपीआयची बेरीज शीटवर. फक्त एक नियम हवा. एक आत गेला की दुसऱ्याने आपल्याच नोझलवरून विकायचं, जोडीदाराच्या नोझलला हात लावायचा नाही. नाहीतर दोघांचे गल्ले मिसळतात आणि शॉर्ट कोणाचं यावर सकाळी भांडण.

अर्धा तास मामाने मान्य केला, सह्यांचं शीटही सुरू झालं. आठव्या माणसावर मात्र गाडी अडली आहे. "आणखी एक पगार कुठून काढू?" हा त्याचा प्रश्न खोटा नाही, मार्जिन त्याच्या हातात नसतं. सध्या सातजण सहा पाळ्या करतात आणि प्रत्येकाला आठवड्याचे तीन तास जादा धरून मिळतात. पण एकजण आजारी पडला की दुसऱ्याला सलग दोन पाळ्या, आणि सोळाव्या तासाला केलेली बेरीज कशी येते ते मी पाहिलं आहे. जूनमध्ये निघताना मी तक्त्यात आठवी ओळ रिकामी ठेवली, फक्त वर नाव लिहायचं बाकी आहे.