भाषांतर करणारा पोस्टमन नसतो

खालाचा पहिला स्क्रीनशॉट आला तेव्हा मी तांबट आळीतून घरी चाललो होतो. तिला मराठी वाचता येतं, उर्दू त्याहून बरं येतं, पण इंग्रजी येत नाही. कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीत इंग्रजी संदेश आला की तो घरातल्या कॉलेजात गेलेल्या पोराकडे जातो. आमच्या घरात ते पोर म्हणजे मी. मी चालता चालता व्हॉइस नोट पाठवली: "खाला, बँक म्हणतेय तुमचं केवायसी अपडेट नाही, आज रात्री खातं बंद होईल. खाली फाईल दिलीय, ती डाउनलोड करून माहिती भरायची आहे."

भाषांतर अचूक होतं, आणि चूक नेमकी तिथेच झाली.

मूळ संदेशाचं इंग्रजी गचाळ होतं. मध्येच मोठी अक्षरं, एका वाक्यात दोनदा 'कृपया', खातेदाराच्या नावाच्या जागी नुसतं 'प्रिय ग्राहक'. हे सगळं खटकायला हवं होतं. पण मी ते स्वच्छ मराठीत सांगितलं आणि भामट्याच्या चुका स्वतःच्या हाताने पुसून टाकल्या. शिवाय खालाने ते अनोळखी माणसाकडून ऐकलं नाही, माझ्या आवाजात ऐकलं. तिचा माझ्यावर जो भरवसा आहे, तो मी त्या संदेशाला उसना दिला.

दहा मिनिटांनी दुसरा स्क्रीनशॉट आला. "बेटा, हे काय विचारतंय? हो करू का?" हा इशारा बँकेचा नव्हता, तिच्या फोनचा होता. त्यात लिहिलं होतं की तुमच्या सुरक्षिततेसाठी या ठिकाणाहून आलेली अनोळखी ॲप बसवायला फोनची परवानगी नाही. हवं तर सेटिंगमध्ये जाऊन बदल करा. मी हे भाषांतर करायला घेतलं आणि तिथेच थबकलो. फोन नको म्हणत होता आणि मी हो म्हणून बसलो होतो. मी फोन लावला, "खाला, काहीच दाबू नका, मी येतोय," म्हटलं आणि पळत सुटलो.

तिच्या फोनवर पाहिलं तर स्क्रीनशॉटमध्ये नसलेली गोष्ट दिसली. स्क्रीनशॉटमध्ये वरची पट्टी कापली गेली होती. संदेश व्हॉट्सॲपवर एका दहा अंकी नंबरावरून आला होता. बँकेचा एसएमएस नोंदणी केलेल्या नावाने येतो: आधी दोन अक्षरं, मग बँकेच्या नावाचं लघुरूप, आणि 2025 पासून शेवटी एक अक्षर. सेवेसाठी `S`, व्यवहारासाठी `T`, जाहिरातीसाठी `P`, सरकारी संदेशासाठी `G`. नाव बरोबर दिसलं म्हणून संदेश खरा ठरतोच असं नाही. पण दहा अंकी खासगी नंबरावरून बँक केवायसीची फाईल मागवत असेल, तर पुढे वाचायचीही गरज नाही. म्हणून स्क्रीनशॉट आला की आधी विचारा: वर कुणाचं नाव किंवा नंबर आहे? तोही पाठवा.

फाईलचं नाव `.apk` ने संपत होतं. ते कागदपत्र नसतं, अँड्रॉइड फोनमध्ये बसणारं ॲप असतं. असं बनावट ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की ओटीपी तुम्ही कुणालाही सांगितला नाही तरी तो परस्पर भामट्याकडे जातो. आपण घरातल्यांना 'ओटीपी सांगू नका' एवढंच शिकवत आलो, ते इथे अपुरं पडतं. गंमत म्हणजे त्या संदेशातही शेवटी तसंच लिहिलं होतं: ओटीपी कुणालाही देऊ नका. बँकेचा खरा इशारा उचलून चिकटवला होता, कारण त्याने संदेश खरा वाटतो. इशारा काय सांगतो आणि सूचना काय करायला लावते, ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की ती एकमेकांना खोटं पाडतात.

फाईलऐवजी लिंक असते तेव्हा तिचं भाषांतर होत नाही, म्हणून आपण ती सोडून देतो. खरं तर ती सर्वांत आधी वाचायला हवी. हा एक बनवलेला नमुना पाहा:

```
https://mybank.bank.in.kyc-update.example/pan
```

सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून मागे वाचा. मालक `kyc-update.example` आहे. त्याच्या डावीकडचं `mybank.bank.in` त्याने स्वतःच लिहून घेतलेलं आहे. पाटीवर 'कसबा पेठ बेकरी, नाशिक' असं असेल तर दुकान नाशिकला आहे, कसब्यात नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत `.bank.in` या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. तेव्हा तिरक्या रेघेच्या लगेच आधी `.bank.in` आहे का, एवढं पाहा. नसेल तर लिंक उघडू नका, पासबुकावरच्या किंवा डेबिट कार्डाच्या मागच्या नंबरावर बँकेला विचारा.

पण 'खोटं आहे, डिलीट कर' एवढ्यावर थांबणंही मला पटत नाही. दुसऱ्या दिवशी मी खालाबरोबर शाखेत गेलो. तिचं केवायसी खरोखरच बाकी होतं! कमी जोखमीच्या खात्यांनाही दहा वर्षांतून एकदा ते नव्याने करावं लागतं. धमकी अर्धी खरी असते म्हणूनच ती लागू पडते. खालाने काउंटरवर अर्ज भरला, आधारची प्रत दिली, काम झालं. भिशीचे आणि शिवणकामाचे पैसे जागच्या जागी राहिले.

ॲप बसलं असतं तर? फोनचं इंटरनेट लगेच बंद करायचं, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 ला कळवायचं, `cybercrime.gov.in` वर तक्रार करायची आणि पुरावा म्हणून संदेश जपून ठेवायचा. इथे वेळ फार महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. घरच्यांच्या रागाच्या भीतीने एखादी बाई दोन दिवस गप्प राहिली, तर त्या दोन दिवसांची किंमत तीच मोजते. म्हणून चूक झालीच तर आधी नंबर लावा, ओरडायचं असेल तर नंतर ओरडा.

आपल्या मोहल्ल्यांत माझ्यासारखे घरगुती दुभाषे पुष्कळ आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच की धमकीपासून भाषांतर सुरू करू नका. आधी सांगा कुणी पाठवलंय, मग सांगा काय करायला लावतोय, आणि खातं बंद होण्याची गोष्ट सगळ्यांत शेवटी. इंग्रजी गचाळ असेल तर तेही सांगा: "खाला, हे बँकेने लिहिल्यासारखं वाटत नाही."

त्या संध्याकाळी मी आणखी एक काम केलं. खालाच्या फोनची भाषा सेटिंगमध्ये जाऊन मराठी केली. भामट्याचा संदेश तिला मी वाचून दाखवला होता. फोनचा इशारा मात्र तिच्यासमोर परक्या भाषेत पडून होता. आता तो तिला स्वतः वाचता येतो, आणि माझी वाट पाहावी लागत नाही.