निधी जमला म्हणजे पैसे जमले का? कर्जरोख्यांची परतफेड शिकवताना



माझं काम चौथीच्या मुलांना भागाकार शिकवण्याचं. पण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलेलं असल्याने गल्लीतली कॉलेजची मुलं संध्याकाळी अकाउंट्सची वही घेऊन येतात. त्यातली एक माझीच जुनी विद्यार्थिनी. परवा तिने विचारलं, "बाई, ह्या फंडाला सिंकिंग का म्हणतात? बुडतो का तो?"

प्रश्न हसण्यासारखा नाही. आपल्याकडे 'कर्ज बुडवणं' म्हणजे ते न फेडणं. इंग्रजीत मात्र कर्ज हळूहळू खाली नेऊन संपवायचं, म्हणून सिंकिंग. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पालकांनी सोसायटीच्या बिलात हाच शब्द पाहिला असेल. तिथे तो इमारतीच्या मोठ्या कामासाठी असतो आणि मराठीत त्याला कर्जनिवारण निधी असंही लिहितात. आज मी बोलणार आहे ते कंपनीच्या कर्जरोख्यांबद्दल.

त्या मुलीला नोंदी सगळ्या पाठ होत्या. गाईडमध्ये त्या तीन मथळ्यांखाली दिलेल्या असतात: पहिलं वर्ष, मधली वर्षं, शेवटचं वर्ष. मी विचारलं, "निधी खात्यात तीन लाख शिल्लक आहे आणि बँकेत चाळीस हजार. कर्जरोखे फेडता येतील का?" ती म्हणाली, "हो, निधी आहे ना." इथेच सगळं अडतं. माझं मत स्पष्ट आहे: ह्या धड्यात नोंदी आधी शिकवूच नयेत. आधी दोन प्रश्न वेगळे करावेत. नफ्यातले किती पैसे वाटायचे नाहीत असं ठरलं? आणि तेवढे पैसे प्रत्यक्षात कुठे ठेवलेत? पहिल्याचं उत्तर म्हणजे निधी, तो ताळेबंदात देयतेच्या बाजूला बसतो. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे गुंतवणूक, ती मालमत्तेच्या बाजूला बसते. घरातही मुलीच्या फीसाठी दरमहा पाच हजार बाजूला काढायचे असं ठरवणं वेगळं आणि पोस्टात आवर्ती ठेव उघडणं वेगळं.

आता एक उदाहरण करू. मुद्दाम सोपे आकडे घेतले आहेत. कंपनीने ३,३१,००० रुपयांचे कर्जरोखे काढले आहेत, ते तीन वर्षांनी दर्शनी किमतीला फेडायचे आहेत. गुंतवणुकीवर १० टक्के व्याज मिळतं. दर वर्षाच्या अखेरीस किती बाजूला काढावं? पहिल्या वर्षाचा रुपया दोन वर्षं वाढून १.२१ होतो, दुसऱ्याचा १.१० होतो आणि तिसऱ्याचा १ च राहतो. बेरीज ३.३१. म्हणून ३,३१,००० भागिले ३.३१, म्हणजे १,००,००० रुपये. परीक्षेत सिंकिंग फंडाचं कोष्टक देतात ते हेच गणित उलटं करून. विद्यार्थ्याने ते एकदा हाताने करून पाहिलं की कोष्टकाची भीती जाते.

पहिल्या वर्षाच्या अखेरीच्या नोंदी:

नफा-तोटा विनियोग खाते … नावे १,००,०००
  सिंकिंग फंड खात्याला १,००,०००
(नफ्यातून वार्षिक रक्कम निधीकडे वर्ग केली)

सिंकिंग फंड गुंतवणूक खाते … नावे १,००,०००
  बँक खात्याला १,००,०००
(तेवढ्याच रकमेची गुंतवणूक केली)

ह्या दोन नोंदी नेहमी जोडीनेच लिहायला लावा. पहिल्या नोंदीत बँक कुठेच नाही, हे मुलांना बोट ठेवून दाखवा. एक रुपयाही हललेला नाही, फक्त वाटप अडवलं. रुपया हलतो तो दुसऱ्या नोंदीत. आणखी एक गोष्ट: पहिली नोंद विनियोग खात्याची आहे, नफा-तोटा खात्याच्या खर्चाची नाही. कर्जरोखेधारकांना दरवर्षी देतो ते व्याज हा खर्च, नफा झाला किंवा नाही झाला तरी तो द्यावाच लागतो. निधीची रक्कम मात्र नफा ठरल्यानंतर त्यातून काढायची. मुलं ह्या दोन्हींची सरमिसळ करतात.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस व्याज येतं:

बँक खाते … नावे १०,०००
  सिंकिंग फंड गुंतवणुकीवरील व्याज खात्याला १०,०००

हे व्याज नंतर सिंकिंग फंड खात्यात जमा करायचं. इथे बरीच मुलं ते नफा-तोटा खात्यात नेतात. व्याज उत्पन्नच आहे ना, असा त्यांचा युक्तिवाद असतो. उत्पन्न आहे, पण आपण १,००,००० चा आकडा काढला तो व्याज निधीतच राहील असं धरून. ते बाहेर गेलं तर तीन वर्षांनी हातात तीनच लाख राहतील. मग १,००,००० पुन्हा निधीला जातात आणि गुंतवणूक होते १,१०,००० ची. गुंतवणूक १,००,००० ची लिहून मोकळं होणं ही दुसरी नेहमीची चूक.

चूक ओळखायची खूण अगदी सोपी आहे. शेवटचं वर्ष सोडून दरवर्षी सगळ्या नोंदी झाल्यावर निधी खात्याची आणि गुंतवणूक खात्याची शिल्लक सारखी आली पाहिजे. पहिल्या वर्षी दोन्हीकडे १,००,०००, दुसऱ्या वर्षी दोन्हीकडे २,१०,०००. नाही जुळली तर व्याज तरी चुकलंय, नाहीतर गुंतवणूक तरी.

तिसऱ्या वर्षी व्याज २१,००० येतं आणि नेहमीप्रमाणे १,००,००० निधीला जातात. निधी झाला ३,३१,०००. पण आता नवी गुंतवणूक करायची नाही, कारण पैसे आजच लागणार आहेत. उलट जुनी विकायची:

बँक खाते … नावे २,१०,०००
  सिंकिंग फंड गुंतवणूक खात्याला २,१०,०००

बँकेत २,१०,०००, व्याजाचे २१,००० आणि या वर्षी न गुंतवलेले १,००,०००. बरोबर ३,३१,०००. मग परतफेड:

कर्जरोखे खाते … नावे ३,३१,०००
  कर्जरोखेधारक खात्याला ३,३१,०००

कर्जरोखेधारक खाते … नावे ३,३१,०००
  बँक खात्याला ३,३१,०००

इथे त्या मुलीने पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, निधी खातं बघ. त्यात अजून ३,३१,००० आहेत. ती म्हणाली, "पैसे तर देऊन टाकले, मग हे कसले?" मला वाटतं पूर्ण धड्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे. परतफेडीच्या नोंदीत निधी खातं आलंच नाही. बँकेतून पैसे गेले, कर्जरोखे मिटले, निधी जसाच्या तसा. तो काय आहे? तीन वर्षं भागधारकांना न वाटलेला नफा. कर्ज फिटलं, आता तो अडवून ठेवायचं कारण उरलं नाही. म्हणून शेवटची नोंद:

सिंकिंग फंड खाते … नावे ३,३१,०००
  सर्वसाधारण राखीव निधी खात्याला ३,३१,०००

आधीचा आणि नंतरचा ताळेबंद शेजारी शेजारी काढून पाहा. देयतेच्या बाजूला पूर्वी कर्जरोखे होते ३,३१,०००, आता तिथे राखीव निधी ३,३१,०००. म्हणजे सावकाराच्या पैशाची जागा मालकांच्या पैशाने घेतली आणि धंद्यातली मालमत्ता शाबूत राहिली. 'नफ्यातून परतफेड' ह्या शब्दांचा अर्थ एवढाच. ह्याउलट नफा काहीच न अडवता सरळ बँकेतून पैसे दिले तर ती भांडवलातून परतफेड. तिथेही कर्ज फिटतं, पण नफा लाभांश म्हणून वाटायला मोकळाच राहतो. तो वाटला गेला की बाकीच्या धनकोंच्या मागची गादी पातळ होते.

गुंतवणूक न करताही नफ्यातून परतफेड करता येते. तेव्हा फक्त नफा अडवायचा, त्याला कर्जरोखे परतफेड राखीव निधी म्हणायचं:

नफा-तोटा विनियोग खाते … नावे ३,३१,०००
  कर्जरोखे परतफेड राखीव निधी खात्याला ३,३१,०००

परतफेडीच्या नोंदी त्याच आणि शेवटी हा निधीही सर्वसाधारण राखीव निधीकडे. नोंदी कमी, म्हणून मुलांना ही पद्धत आवडते. पण हिच्यातला धोका सांगायला हवा. अडवलेला नफा रोख स्वरूपात पडून असेलच असं नाही. त्यातून यंत्र घेतलं असेल, माल भरला असेल, उधारी वाढली असेल. ताळेबंदात राखीव निधी भरघोस आणि बँकेत चाळीस हजार. मी पहिल्यांदा विचारलेला प्रश्न हाच होता.

आपल्या कायद्यातही हे दोन भाग वेगवेगळे ठेवले आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ७१ मध्ये नफ्यातून राखीव निधी करायला सांगितलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सूचिबद्ध कंपन्यांना त्यातून सूट मिळाली आणि सर्वसाधारण असूचिबद्ध कंपन्यांसाठी तो थकीत कर्जरोख्यांच्या १० टक्के राहिला, पूर्वी २५ टक्के होता. आणि पुढच्या ३१ मार्चपर्यंत जे कर्जरोखे फेडायचे आहेत त्यांच्या किमान १५ टक्के रक्कम ३० एप्रिलपर्यंत प्रत्यक्ष ठेवीत किंवा ठरवून दिलेल्या रोख्यांत गुंतवायची असते. जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांनी हा बदल मुलांना जरूर सांगावा.

आणि वेगळे ठेवलेले पैसेही वेगळे राहतीलच असं नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉलपोल यांनी १७३३ साली देशाच्या कर्जासाठीच्या सिंकिंग फंडातून पाच लाख पौंड चालू खर्चासाठी काढून घेतले, जमिनीवरचा कर वाढवावा लागू नये म्हणून. घरातली आवर्ती ठेव दिवाळीत मोडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट राहिली. गुंतवणूक विकताना नेहमी पुस्तकी किंमतच मिळते असं नाही. समजा २,१०,००० चे रोखे २,०४,००० ला गेले. तर ६,००० चा तोटा असा लिहायचा:

सिंकिंग फंड खाते … नावे ६,०००
  सिंकिंग फंड गुंतवणूक खात्याला ६,०००

हा तोटा नफा-तोटा खात्यात जात नाही. निधी उरतो ३,२५,००० आणि तेवढाच राखीव निधीकडे जातो. ही नोंद मी त्या मुलीला स्वतः करायला दिली. तिने केली, बरोबर केली, आणि मग वहीवरून मान वर न करता म्हणाली, "पण बाई, धारकांना तर पूर्ण ३,३१,००० द्यायचेत. हे सहा हजार धंद्याच्या बँक शिल्लकीतून जाणार ना?"

मी म्हटलं, हो, तिथूनच.