विंडोज १० अजून चालतंय? आजच तपासा

तुमच्या दुकानात, दवाखान्यात, सोसायटीच्या ऑफिसात, शाळेच्या लॅबमध्ये किंवा घरी विंडोज १० वर चालणारा कॉम्प्युटर असेल, तर पुढचा परिच्छेद वाचण्याआधी एक काम करा. कीबोर्डवरची विंडोजची खूण असलेलं बटण आणि R एकत्र दाबा. समोर येणाऱ्या चौकटीत हे टाइप करून एंटर मारा:

```
winver
```

छोटी खिडकी उघडेल. त्यात `Version 22H2` आणि पुढे `OS Build 19045` दिसेल. त्या आकड्यानंतर टिंब आहे आणि टिंबापुढे आणखी एक आकडा. तो 6466 किंवा त्याहून लहान असेल, तर तुमचा कॉम्प्युटर १४ ऑक्टोबर २०२५ च्या पलीकडे गेलेला नाही. त्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वांसाठीची शेवटची मोफत दुरुस्ती दिली आणि सपोर्ट संपवला. त्यानंतर विंडोज १० मध्ये सापडलेली प्रत्येक फट तुमच्या मशिनवर आज उघडी आहे.

अडचण अशी, की यातलं काहीही तुम्हाला जाणवत नाही. कॉम्प्युटर सुरू होतो, बिलं छापतो, रिटर्न भरतो. सपोर्ट संपला म्हणजे मशिन बंद पडतं, हा समज चुकीचा आहे. मशिन बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, लोकांनी दुसऱ्याच दिवशी काहीतरी हालचाल केली असती.

सपोर्ट म्हणजे नेमकं काय, ते पाहू. विंडोजमध्ये कोट्यवधी ओळींचा कोड आहे आणि त्यात चुका सापडतच राहतात. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांच्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, पाठवतं. सपोर्ट संपल्यावर चुका सापडायच्या थांबत नाहीत, फक्त तुमच्याकडे दुरुस्ती येणं थांबतं. त्यात एक मेख आहे. विंडोज १० आणि ११ यांचा गाभ्यातला पुष्कळसा कोड सारखाच आहे. ११ साठी पॅच निघाला, की हल्लेखोर पॅचच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते पाहतात. जिथे बदल झाला, तिथे आधी फट होती. तीच फट दुरुस्ती न मिळालेल्या १० मध्ये तशीच असण्याची शक्यता मोठी. हे तर्काने रचलेलं भय नाही. २०१७ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या गटातल्या संशोधकाने हीच रीत वापरून दाखवली होती. विंडोज १० मध्ये गुपचूप दुरुस्त झालेल्या, पण विंडोज ७ मध्ये राहून गेलेल्या फटी त्याने अशा तुलनेतून शोधल्या. तेव्हा ७ चा सपोर्ट चालू होता, म्हणून त्या बुजवता तरी आल्या. आज १० त्या जागी आहे आणि सपोर्ट संपलेला आहे. म्हणजे नव्या विंडोजचा प्रत्येक पॅच जुन्या विंडोजच्या हल्लेखोराला पत्ता सांगून जातो.

हे कधीतरी पुढे घडेल, असं समजू नका. सपोर्ट संपल्यानंतरचा पहिलाच दुसरा मंगळवार होता ११ नोव्हेंबर २०२५. त्या दिवशीच्या पॅचमध्ये CVE-2025-62215 या क्रमांकाची विंडोजच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नलमधली, एक फट बुजवली गेली. तिचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर होत असल्याचं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं. विंडोज १० मध्येही ती होती. ज्यांनी वाढीव सुरक्षेसाठी नोंदणी केली होती त्यांना दुरुस्ती मिळाली, इतरांना नाही.

या जातीची फट एकटी दार फोडत नाही, आत शिरलेल्या चोराच्या हाती सगळ्या किल्ल्या देते. समजा, तालुक्याच्या गावात एका कर सल्लागाराचं ऑफिस आहे. मार्च महिना, कामाची झुंबड. ईमेलवर ‘जीएसटी नोटीस’ नावाची फाइल येते आणि मदतनीस ती उघडतो. त्या फाइलमधला प्रोग्राम सुरुवातीला मदतनिसाइतकाच अधिकार घेऊन चालतो. मग तो कर्नलमधल्या फटीतून `SYSTEM` हा सर्वोच्च अधिकार मिळवतो. आता तो अँटिव्हायरस बंद पाडण्याचा प्रयत्न करू शकतो, मशिनवर साठलेले पासवर्ड उचलू शकतो आणि ऑफिसमधल्या सामायिक फोल्डरपर्यंत पोहोचू शकतो. त्या फोल्डरमध्ये असतात दोनशे अशिलांचे पॅन, आधार आणि बँकेचे तपशील. नुकसान ऑफिसच्या मालकापाशी थांबत नाही.

‘अँटिव्हायरस आहे ना’ या उत्तरावर म्हणूनच विसंबू नका. विंडोजमधल्या डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे आणि ते चांगलंच आहे. पण ओळखीच्या चोराला अडवणं आणि भिंतीतलं भगदाड बुजवणं ही दोन वेगळी कामं आहेत. अँटिव्हायरस दुसरं काम करत नाही.

दुसरं उत्तर नेहमीचं: ‘आमच्या छोट्या मशिनमध्ये कोणाला काय मिळणार?’ मे २०१७ चा वॉनाक्राय आठवा. हा किडा कोणाचं नाव पाहून जात नव्हता. नेटवर्कवर जे मशिन उघडं सापडेल त्यात शिरून फायली कुलूपबंद करायचा आणि तिथून पुढचं मशिन शोधायचा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत त्यामुळे हजारो रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. तेव्हा सगळा दोष विंडोज एक्सपीवर टाकला गेला, तो अर्धवट खरा होता. बाधित मशिनांत बहुसंख्य विंडोज ७ ची होती. त्यांच्यासाठी पॅच १४ मार्चलाच आला होता, तो बसवलेला नव्हता. किड्याच्या दृष्टीने पॅच आलाच नाही आणि पॅच बसवला नाही, यात काडीचा फरक नसतो. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला होता. त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टने अपवाद करून पॅच सर्वांना दिला खरा, पण तो हल्ला पसरल्यानंतर. ‘वेळ आली तर देतील’ म्हणणाऱ्यांनी ही क्रमवारी लक्षात ठेवावी.

वॉनाक्रायच्या पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हा असाच किडा आला. त्यात मर्स्क कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि आपल्या न्हावाशेवाच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही अडलं. एका कच्च्या मशिनवरून चोरलेल्या पासवर्डच्या जोरावर तो पॅच बसवलेल्या मशिनांतही शिरायचा. ऑफिसात चार कॉम्प्युटर नवे आणि एक जुना असेल, तर त्या चारांची सुरक्षितता जुन्यावर अवलंबून आहे.

आता करायचं काय? त्याच कर सल्लागाराच्या ऑफिसात परत जाऊ. तिथे तीन मशिनं आहेत, असं धरू.

पहिलं आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचं, २०१९ च्या सुमाराचं. विंडोज ११ ला साधारण इथपासूनचे प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. ‘टीपीएम नाही’ असा निरोप आला म्हणून लगेच नवं मशिन घेऊ नका. पुष्कळदा ती सोय प्रोसेसरमध्येच असते आणि बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मशिनवर `PTT` आणि एएमडीच्या मशिनवर `fTPM` नावाने शोधा आणि चालू करा. मायक्रोसॉफ्टचं PC Health Check पुन्हा चालवा. हे मशिन मोफत विंडोज ११ वर जाईल.

दुसरं सहाव्या पिढीचं. चालतं उत्तम, पण विंडोज ११ त्याला अधिकृतपणे मिळत नाही. अडथळा चुकवून ११ बसवून देणारे भेटतील. मात्र अशा मशिनला पुढचे अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तीच गोष्ट पुन्हा अधांतरी. या मशिनसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची, ईएसयूची, नोंदणी करा. `Settings` मध्ये `Update & Security`, त्यात `Windows Update` उघडा, तिथे `Enroll now` दिसेल. मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्ज क्लाउडवर सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत, नाहीतर एकदाच ३० डॉलर किंवा तेवढे रुपये. एका खात्यावर दहा मशिनांपर्यंत नोंदणी होते. उशिरा नोंदणी केली तरी मधले पॅच मिळतात. ही घरगुती सवलत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून जाहीर झाली आहे. कंपनीच्या डोमेनला जोडलेल्या मशिनांना ती लागू नाही. त्यांचा दर पहिल्या वर्षी मशिनमागे ६१ डॉलर आहे आणि दर वर्षी दुप्पट होतो. नोंदणीनंतर पुन्हा `winver` पाहा. टिंबापुढचा आकडा 6466 च्या वर गेला, तरच काम झालं.

तिसरं खूप जुनं, फक्त पत्रं टाइप करायला आणि वेबसाइट पाहायला ठेवलेलं. त्यावर लिनक्स मिंट बसवता येईल, मराठी टंकलेखनही चालतं. पण टॅली थेट चालत नाही आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर छळू शकतो. म्हणून सहीचं आणि हिशेबाचं काम आधी पहिल्या मशिनवर न्या.

एक्स-रे यंत्राला, वजनकाट्याला किंवा कारखान्यातल्या सीएनसीला जोडलेले कॉम्प्युटर ही वेगळी जात. ते बदलण्याआधी उत्पादकाला विचारा. अशा काही मशिनांत विंडोज १० ची एलटीएससी आवृत्ती असते. तिच्या मुदती वेगळ्या आहेत: २०२१ च्या साध्या एलटीएससीला जानेवारी २०२७, तिच्या आयओटी प्रकाराला जानेवारी २०३२. साधं विंडोज १० असेल आणि बदलता येत नसेल, तर इंटरनेट काढा, ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडा आणि कोणाचाही पेन ड्राइव्ह लावू देऊ नका. नुसतं ‘आम्ही त्यावर नेट वापरत नाही’ पुरत नाही, केबल काढावी लागते.

यातलं काहीही करण्याआधी कामाच्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क मशिनपासून काढून ठेवा. जोडलेली राहिली तर कुलूप लावणारा व्हायरस तिलाही सोडत नाही.

बँकांच्या एटीएममध्ये जुनं एक्सपी चालू होतं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये टप्पे ठरवून दिले आणि जून २०१९ पर्यंत सगळी यंत्रं सपोर्ट असलेल्या सिस्टिमवर आणायला सांगितली. तुमच्या दुकानाला किंवा दवाखान्याला असं फर्मान कोणी काढणार नाही. तारीख तुम्हालाच ठरवावी लागेल. या आठवड्यात ऑफिसातल्या विंडोज १० च्या प्रत्येक मशिनवर `winver` चालवा, आकडे कागदावर लिहा आणि 6466 च्या वर न गेलेल्या मशिनची नोंदणी होईपर्यंत त्यावरून बँकेचे व्यवहार आणि डिजिटल सही करू नका. हिशेब लिहिणाऱ्याला, मुलांच्या शाळेला, सोसायटीच्या सचिवांनाही हेच करायला सांगा. तुमची कागदपत्रं त्यांच्याही मशिनवर आहेत.