खड्डा १५०० घनमीटरचा. मग खेपा १८० की २३५? गाळाच्या हिशोबात नेमकं कुठं बिघडतं

उन्हाळ्यात पाझर तलाव आटले की गाळ उपसायला सुरुवात होते. पोकलेन लागतं, टिप्परची रांग लागते, आणि आठ-दहा दिवसांत तलावाच्या काठावर एक वाद हमखास उभा राहतो. शेतकरी म्हणतो, ‘ठरलं होतं १८० खेपांचं, २०० झाल्या तरी निम्मा ढीग जागेवरच आहे.’ टिप्परवाला म्हणतो, ‘मी भरून नेतोय, रिकामा नाही.’ बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. वाद मातीनं लावलेला असतो.

तलावाच्या तळाशी गाळ वर्षानुवर्षं दाबून बसलेला असतो. पोकलेनच्या बकेटनं तो उचलला की त्याची ढेकळं होतात, ढेकळांच्या मधे हवा शिरते आणि तीच माती जास्त जागा व्यापते. याला मातीचा फुगवटा म्हणतात. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, ती गोष्ट वेगळी. इथं पाण्याचा संबंध नाही, फक्त माती मोकळी झाल्याचा आहे. वाळू कमी फुगते, साधारण १० ते १५ टक्के. मुरूम आणि साधी माती २० ते २५ टक्के, काळी चिकण माती २५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. फोडलेला पाषाण तर दीडपटीच्याही वर जातो. म्हणून विहिरीचा दगड खड्ड्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो.

आता एक उदाहरण घेऊ. तलावात ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल एवढा गाळ काढायचा आहे. जागेवरचं माप झालं १५०० घनमीटर. टिप्परची बॉडी आतून १४ फूट लांब, ७ फूट रुंद आणि ३ फूट उंच, म्हणजे २९४ घनफूट. ब्रास १०० घनफुटांचा, म्हणजे २.८३ घनमीटरचा असतो. म्हणून गावात याला ‘तीन ब्रासचा टिप्पर’ म्हणतात. घनमीटरमध्ये ती ८.३२ होते. १५०० ला ८.३२ नं भागलं की १८० खेपा येतात. बोलणी याच आकड्यावर होतात.

पण टिप्परमध्ये पडतो तो मोकळा गाळ. फुगवटा ३० टक्के धरला तर १५०० चे १९५० घनमीटर होतात आणि खेपा लागतात २३५. पंचावन्न खेपांचा फरक. खेपेला ७०० रुपये धरले तर ३८ हजार ५०० रुपये जादा. एवढे पैसे कुणाच्या खिशातून जायचे, हे आधी ठरलेलं नसतं. म्हणून काठावर आवाज चढतो.

आता उलट बाजू, आणि ती जास्त महागात पडणारी आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना राज्यात २०१७ मध्ये सुरू झाली. अशा कामात गाळाचा हिशोब घनमीटरवर चालतो. उपसण्याआधी तळाच्या लेव्हल घेतल्या असतील आणि काम झाल्यावर पुन्हा घेतल्या, तर खड्ड्याचं खरं माप निघतं, फुगवट्याचा प्रश्नच येत नाही. खोदकाम मोजण्याची सरकारी रीतही हीच आहे, माती जागेवर असताना जेवढी होती तेवढीच धरायची. पण आधीच्या लेव्हल घेतल्याच नसतील तर शेवटी खेपांच्या वहीवर यावं लागतं. वहीत १८० खेपा असतील आणि त्याला सरळ ८.३२ नं गुणलं, तर १५०० घनमीटर काम झाल्याचं दिसतं. प्रत्यक्षात तलावातून निघालेला असतो ११५० च्या आसपास. कुणी लबाडी केली नसली तरी जवळपास ३५० घनमीटर गाळ कागदावरच निघून जातो, आणि तलावात पाणी त्या हिशोबानं कमी मावतं.

इथं आणखी एक चूक सर्रास होते. फुगवटा ३० टक्के म्हणून मोकळ्या मापातून थेट ३० टक्के वजा करतात. १५०० मधून ४५० गेले, उरले १०५०. हे माप कमी येतं आणि मग कंत्राटदाराचं नुकसान होतं. १०० चे १३० झाले असतील तर १३० वरून परत १०० वर यायला १.३ नं भागावं लागतं. ३० टक्के काढले तर ९१ च उरतात.

मुळात ३० टक्के आणायचे कुठून? पुस्तकातला आकडा अंदाजापुरता ठीक, पण प्रत्येक तलावाचा गाळ वेगळा. वरचा थर वाळून ढेकळं झालेला, खालचा ओला, कुठं वाळू मिसळलेली. काम सुरू होण्याआधी एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा नीट कडा धरून हातानं खणावा. निघालेली माती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत न दाबता, न तुडवता टाकावी आणि सपाट करावी. ट्रॉली १० बाय ५ फुटांची असेल आणि माती फुगलीच नाही, तर थर साडेआठ इंचांचा भरेल. ३० टक्के फुगली तर ११ इंच भरेल. गावासमोर पट्टी लावून हे माप घेतलं की पुढची अर्धी भांडणं मिटतात. फक्त हातानं खणलेली माती बारीक होते आणि पोकलेनची ढेकळं मोठी असतात, म्हणून खरा फुगवटा थोडा जास्तच निघू शकतो. शक्य असेल तर पहिल्या दिवशी पोकलेननंच मोजका खड्डा काढून खेपा मोजाव्यात.

फुगवट्यानं जागा वाढते, वजन वाढत नाही. ही गोष्ट टिप्परवाल्याला चांगली ठाऊक असते. ओलसर गाळ जागेवर घनमीटरला १.८ टन धरला तर १५०० घनमीटरचे २७०० टन झाले. गाडीच्या आरसीवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनातला फरक साडेदहा टन असेल, तर खेपा २५८ होतात. म्हणजे ओल्या गाळात फाळक्याबरोबर भरलेली गाडीही साडेअकरा टनांवर जाते, नियमाबाहेर एक टन. शीग लावली तर त्याहून जास्त. खेपा वाचवायच्या म्हणून शीग लावायची, मग वाटेतला पाणंद रस्ता दबतो, पाटे तुटतात. फाळक्यावरची माती रस्त्यावर सांडत जाते ती वेगळीच. याउलट गाळ वाळू दिला तर त्यातलं पाणी जातं, वजन उतरतं आणि बॉडी भरून नेता येते. अगदी चिखल असताना उपसलं तर माती बॉडीच्या तळाला चिकटून राहते. गाडी उलटी केली तरी थोडी आतच असते, पण वहीत खेप पूर्ण लागते.

म्हणून ठरवताना दोनच गोष्टी कागदावर घ्याव्यात. दर जागेवरच्या घनमीटरला की खेपेला, आणि खेप म्हणजे फाळक्याबरोबर की शिगेची. खेपेचा दर असेल तर बॉडीचं माप टेपनं आतून घ्यावं. बाहेरून घेतलं तर पत्र्याची जाडी आणि वरच्या पट्ट्या धरून माप फुगतं. गाड्या दोन मापांच्या असतील तर वहीत गाडी नंबर हवाच. दहा चाकी हायवा आणि सहा चाकी टिप्पर एकाच रकान्यात ‘एक खेप’ म्हणून लिहिले गेले, तर काम संपल्यावर ती वही कुणालाच उलगडत नाही.