फिट थांबली, अभ्यासाचे काय?

अपस्मार म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो जमिनीवर कोसळलेला, हातपाय झाडणारा, तोंडाला फेस आलेला रुग्ण; आणि भोवती जमलेल्या गर्दीत कांदा किंवा चप्पल शोधणारे हात. हे चित्र इतके घट्ट बसले आहे की ज्या अपस्मारात कोणी पडत नाही, ओरडत नाही आणि हातपायही झाडत नाही, तो आपल्याला दिसतच नाही. शाळकरी वयात येणाऱ्या या प्रकाराला डॉक्टर ‘अ‍ॅब्सेन्स’ म्हणतात. मूल बाकावर बसलेले असते, डोळे उघडे असतात. पण दहा-पंधरा सेकंद ते तिथे नसते. शाळेच्या भाषेत त्याचे निदान आधीच झालेले असते: ‘लक्ष नाही’.

तिसरीतल्या आठ वर्षांच्या एका मुलीचे उदाहरण घेऊ. पहिलीत ती बरी शिकत होती. दुसरीच्या अखेरीपासून वहीत विचित्र चुका दिसू लागल्या. बाई श्रुतलेखन सांगतात, ‘काल आम्ही आजीबरोबर बाजारात जाऊन भाजी आणली.’ वहीत उमटते, ‘काल आम्ही भाजी आणली.’ अक्षर चांगले आहे, शब्दांचे लेखनही बरोबर आहे. मधले तीन शब्द मात्र गायब आहेत. आळशी किंवा कंटाळलेले मूल सहसा शेवटचे शब्द सोडते, वाक्याच्या पोटातले नाही. गणितात उदाहरणाची पहिली पायरी बरोबर आणि दुसरी भलतीच. घरी जेवताना घास हातात तसाच राहतो, पापण्या किंचित फडफडतात, आणि काही क्षणांनी जेवण पुन्हा सुरू होते. मध्ये काही झाले हे तिला ठाऊकच नसते.

अशा तंद्री दिवसाला चाळीस जरी आल्या आणि प्रत्येक दहा सेकंदांची धरली, तरी एकूण वेळ भरतो सात मिनिटांहून कमी. एवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. पण ही सात मिनिटे एकगठ्ठा जात नाहीत. ती दिवसभर विखुरलेली असतात आणि प्रत्येक वेळी कुठले तरी वाक्य, कुठली तरी सूचना, हिशेबातला एखादा हातचा तोडून नेतात. तुटलेला धागा पुन्हा जोडण्यात आणखी वेळ जातो. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो.

साधे दिवास्वप्न आणि ही तंद्री यांत फरक करता येतो. स्वप्नात हरवलेले मूल खांद्यावर हात ठेवताच भानावर येते. तंद्रीतले येत नाही. दिवास्वप्न कंटाळवाण्या तासाला पडते. तंद्री मात्र बोलताना, खेळताना, खातानाही अर्ध्यावर येते. दवाखान्यात डॉक्टर मुलाला तीन मिनिटे भरभर, खोल श्वास घ्यायला लावतात. लहान मुलांच्या हातात त्यासाठी भिंगरी देऊन फुंकायला सांगतात. उपचार सुरू नसलेल्या बहुतेक मुलांत तेवढ्यातच तंद्री येते आणि ईईजीच्या आलेखात सेकंदाला तीन या गतीने उठणाऱ्या ठरावीक लाटा दिसतात. निदान इतके सोपे आहे; अवघड आहे ते मुलाला तिथवर नेणे.

आपल्या उदाहरणातली मुलगी तिथवर पोहोचली, व्हॅल्प्रोएट सुरू झाले आणि महिन्याभरात तंद्री थांबल्या. घरच्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण सहामाहीचे गुण काही सुधारले नाहीत. ‘आता तर फिट येत नाही, मग अभ्यास का होत नाही?’ हा प्रश्न घरात रागाच्या सुरात विचारला जाऊ लागला. खरे तर तो दवाखान्यात विचारायला हवा, आणि त्याला उत्तरही आहे.

अमेरिकेत ४५३ मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. या मुलांना एथोसक्सिमाइड, व्हॅल्प्रोएट किंवा लॅमोट्रिजीन यांपैकी एक औषध देण्यात आले. तंद्री थांबवण्यात पहिली दोन औषधे जवळजवळ तुल्यबळ ठरली. तिसरे मागे पडले. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. चारेक महिन्यांनी त्यांनी मुलांच्या लक्षाचीही चाचणी घेतली. एथोसक्सिमाइड घेणाऱ्यांपैकी ३३ टक्के मुलांना एकाग्रतेची अडचण होती, तर व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के मुलांना. फिट मोजल्या तर दोन्ही औषधे सारखी. लक्ष मोजले तर फरक लख्ख दिसतो. याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट समोर आली. औषधाची पहिली गोळी घेण्यापूर्वीच तिघांपैकी एकाहून अधिक मुलांत लक्षाची उणीव होती, आणि तंद्री थांबल्यावरही ती आपोआप गेली नाही.

याचा अर्थ असा की, मागे पडणाऱ्या मुलाच्या बाबतीत निदान तीन वेगळ्या गोष्टी तपासायला हव्यात. तंद्री अजून येत आहेत, पण कोणाच्या नजरेला येत नाहीत, हे एक. मेंदूच्या ज्या बिघाडातून तंद्री येतात, त्यातूनच लक्षाची अडचणही आली आहे, हे दुसरे. आणि औषधाने मेंदूला मंदावले आहे, हे तिसरे. तिन्हींवरचे उपाय निराळे आहेत: पहिल्यात पुन्हा ईईजी आणि मात्रेचा विचार, दुसऱ्यात अभ्यासासाठी वेगळी मदत, तिसऱ्यात मात्रा किंवा औषध बदलणे. चुकीच्या कारणावर उपाय केला, तर मूल आहे तिथेच राहते.

कारण ओळखण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे तारखांची वही. औषध कधी सुरू झाले, मात्रा कधी वाढवली, झोप किती, शाळेची तक्रार कधीपासून, एवढेच त्यात लिहायचे. तक्रार औषधाच्या आधीची असेल, तर दोष औषधावर ढकलता येत नाही. मात्रा वाढवल्यावर दोन-तीन आठवड्यांत मूल सुस्तावले किंवा चिडू लागले, तर संशय औषधावर जायला हवा. आपल्या मुलीच्या बाबतीत वह्या उलगडल्यावर दोन्ही गोष्टी दिसल्या: वाक्ये गाळणे औषधाने थांबले होते, पण सकाळच्या तासांना पेंगणे मात्रा वाढवल्यानंतर सुरू झाले होते. डॉक्टरांना हातात काहीतरी ठोस मिळाले ते इथे.

प्रत्येक औषधाची खोड वेगळी असते. लेव्हेटिरासेटम सध्या पुष्कळ दिले जाते. बहुतेकांना ते सोसते, पण काही मुले त्यावर विलक्षण चिडखोर किंवा रडवी होतात. घरचे म्हणतात, आजारपणात लाडावली. टोपिरामेटवर काहींना ओठांवरचा शब्द सापडत नाही. तोंडी परीक्षेत असे मूल ‘येत नाही’ म्हणून गप्प बसते. फेनोबार्बिटोन स्वस्त आणि जुने औषध, पण लहान मुलांत ते झोप आणते किंवा उलट चंचल करते. हे वाचून कोणी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. औषध एकदम तोडले की लागोपाठ फिट येऊन जिवावर बेतू शकते. वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि स्पष्ट सांगावे की फिट थांबली आहे, पण मूल पूर्वीसारखे राहिलेले नाही.

हे सांगितले जात नाही, याचे एक कारण लाज हे आहे. मुलगी असेल तर ती आणखी गडद. ‘पुढे लग्नाचे बघायचे आहे, कुणाला कळता कामा नये,’ हे वाक्य तिसरीतल्या मुलीच्याही कानावर पडते. मग शाळेला सांगितले जात नाही. सहलीच्या दिवशी गोळी डब्यातून काढायची चोरी होते, मात्रा चुकते, आणि नेमकी सहलीतच फिट येते. त्याहून खोल परिणाम मनावर होतो. जे लपवावे लागते ते वाईटच असणार, असा धडा मूल घरातून शिकते. ते हात वर करणे सोडते, मैत्रिणी टाळते. ही उदासी औषधाची, आजाराची की लपवाछपवीची, हे मग वेगळे काढणेही अवघड होते.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे आहे. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतून ‘अपस्मार’ हा शब्द १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला; अपस्मार असणे हा विवाहातला कायदेशीर अडथळा आता उरलेला नाही. शाळेच्या बाबतीत मात्र कायदाच मागे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अपस्माराचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे औषधाने मंदावलेल्या मुलाला परीक्षेत जादा वेळ हवा असेल, तर त्याला अध्ययन अक्षमतेसारख्या दुसऱ्या एखाद्या प्रकारात बसावे लागते. जे बसत नाही, त्याच्यासाठी सगळे मुख्याध्यापकांच्या मर्जीवर अवलंबून राहते.

यातले काही लगेच करता येण्याजोगे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांत मुलांची तपासणी करतात आणि झटक्यांचे आजार त्यांच्या यादीत आहेतच. पण पथक मुलाला पाच मिनिटे पाहते. तंद्री पाहतात त्या वर्गशिक्षिका. म्हणून प्रत्येक तपासणीत शिक्षकांना एक प्रश्न विचारला जावा: बोलता-बोलता मध्येच थांबणारे, हाक मारूनही काही क्षण उत्तर न देणारे मूल वर्गात आहे का? राज्य मंडळाने अपस्माराच्या मुलांना डॉक्टरांच्या दाखल्यावर जादा वेळ देण्याचा नियम करावा. आणि अपस्माराच्या बाह्यरुग्ण विभागात ‘किती फिट आल्या’ याच्या खालीच दुसरी ओळ असावी: शाळेत कसे चालले आहे? तिचे उत्तर केसपेपरवर लिहिले गेले, तर पुढच्या वेळी त्यावर उपचारही होईल.