विश्लेषण : बीपीची गोळी सुरू होते, मग रुग्ण कुठे हरवतात?

उच्च रक्तदाबावर स्वस्त आणि परिणामकारक गोळ्या आहेत. तरीही देशात हा आजार असलेल्या बहुतेकांचा रक्तदाब आटोक्यात नाही. केंद्र सरकार, आयसीएमआर, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता. त्या कामाच्या पद्धतीतून रुग्ण नेमके कुठे गळतात हे समजते.

गळती किती आणि कोणत्या टप्प्यावर?

२०१७-१८ च्या राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार सर्वेक्षणात १८ ते ६९ वयोगटातील सुमारे २८ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. अशा १०० जणांपैकी आजाराची कल्पना असलेले फक्त २८, उपचार घेणारे १४ ते १५ आणि रक्तदाब आटोक्यात असलेले १२ ते १३ होते.

पहिली गळती सर्वांत मोठी आहे, कारण या आजारात बहुधा काहीच दुखत नाही. मोजल्याशिवाय तो कळत नाही. दुसऱ्या टप्प्यावर निम्मे गळतात. शेवटची गळती मात्र किरकोळ दिसते.

मग गोळी घेणाऱ्यांची चिंता नको?

इथे आकडा फसवतो. सर्वेक्षण एकदाच घरी येते आणि सध्या गोळी घेणाऱ्यालाच उपचाराखाली धरते. सहा महिने गोळी घेऊन बंद केलेला माणूस ‘माहीत आहे, पण उपचार नाही’ या गटात जातो. गोळी कधीच सुरू न केलेला आणि मधेच सोडलेला, दोघे तिथे एकत्र दिसतात. पण दोघांसाठी उपाय वेगळा लागतो. हा फरक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतच कळतो.

नोंदवही कशी वाचायची?

उपक्रमात प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद ठेवली जाते, आधी कार्डावर आणि पुढे अनेक ठिकाणी ‘सिम्पल’ या मोबाइल अ‍ॅपवर. आधी नोंदलेले रुग्ण दर तिमाहीत तीन गटांत विभागले जातात : शेवटच्या भेटीत रक्तदाब १४०/९० च्या खाली असलेले, त्याहून जास्त असलेले आणि आलेच नाहीत असे.

समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात १००० रुग्ण नोंदलेले आहेत. तिमाहीत ५०० आले, त्यातील ३०० जणांचा रक्तदाब आटोक्यात होता. आलेल्यांचाच हिशेब केला तर यश ६० टक्के, सर्वांचा केला तर ३० टक्के. केंद्र तेच आणि काम तेच. त्यामुळे टक्केवारी सांगितली की ती कितीजणांतली, हे आधी विचारायला हवे.

आले, तरी रक्तदाब जास्त का?

या उदाहरणातील उरलेल्या २०० जणांसाठी प्रश्न औषधाच्या मात्रेचा आहे. उपक्रमातील ठरलेला क्रम साधारणपणे अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमपासून सुरू होतो. महिन्याने रक्तदाब जास्तच असेल तर मात्रा वाढवायची किंवा टेल्मिसार्टनसारखे दुसरे औषध जोडायचे. अडचण इथे येते. रक्तदाब १५०/९४ निघाला तर ‘थोडाच वाढलाय’ म्हणून तीच गोळी पुन्हा दिली जाते. कार्डावर सलग तीन भेटींत जास्त आकडा आणि औषध तेच दिसले, तर ही गळती रुग्णाची नाही, दवाखान्याची आहे.

न येणारे ५०० कुठे असतात?

सातारा-सांगलीत याचे उत्तर बरेचदा पोटापाण्याशी जोडलेले आहे. पाटण-जावळीतील पुरुष माथाडी कामासाठी मुंबईत राहतात. खानापूर-आटपाडीचे गलाई कारागीर देशभर विखुरलेले आहेत. माण-खटावचे मेंढपाळ मेंढरांमागे महिनोन्‌महिने फिरतात. गावी आल्यावर अशा माणसाचे नाव नोंदले जाते, ३० दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि तो परत कामावर जातो. तिथे त्याने गोळ्या विकत घेतल्या तरी गावची नोंदवही त्याला ‘आला नाही’च म्हणते. म्हणजे या ५०० मध्ये गोळी सोडलेले, दुसरीकडून घेणारे आणि मृत्यू पावलेलेही असतात.

त्यासाठी अ‍ॅप भेट चुकलेल्यांची यादी देते, त्यावरून फोन करायचा असतो. फोनवर कारण कळले की मार्गही वेगळा होतो. स्थलांतर करणाऱ्याला एकदम जास्त दिवसांच्या गोळ्या लागतात. केंद्र दूर असलेल्याला उपकेंद्रातच गोळ्या मिळायला हव्यात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबलेल्याला सांगावे लागते की आकडा उतरला तो गोळीमुळेच.

मात्र उपकेंद्रात गोळ्यांचा साठा संपला असेल, तर फोन करून बोलावलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो. पुढच्या फोनवर तो येईलच असे नाही.